तेलसंपन्न देशांतील अभियंता आणि त्याची नोंदणी

अरबी भाषेत अभियंत्याला ‘मुहंदिस’ म्हणतात. ‘हंदसा’ म्हणजे भूमिती. त्या शब्दावरून ‘मुहंदिस’ बनला, आणि ‘हंदसा’चे मूळ फारसीतील ‘अंदाजा’, म्हणजे माप, या शब्दात सापडते. आपला रोजच्या वापरातला ‘अंदाज’ त्याच कुळातला. मात्र अरबस्तानात गेलेल्या अभियंत्याला ‘मुहंदिस’ या शब्दाच्या बाबतीत अंदाजावर विसंबून चालत नाही. त्याच्या निवास परवान्यावर हा शब्द लिहिला जावा की नाही, हे त्याच्या कंपनीच्या इच्छेवर अवलंबून नसते आणि त्याच्या कामावरही नसते. ते अनेक वर्षांपूर्वी त्याने कोणत्या महाविद्यालयात, कोणत्या शाखेत आणि कोणत्या वर्षी शिक्षण घेतले यावर अवलंबून राहू शकते. कुवेतमधील हजारो भारतीय अभियंत्यांना हे २०१८ साली कळले. तेथे त्या वर्षी काय घडले हे नीट समजून घेतले, तर आखाती देशांतील नोंदणीचा सारा प्रश्न समजण्यास मदत होते.

भारतात अभियंता कोणाला म्हणावे, याविषयी एक साधी समजूत रूढ आहे. विद्यापीठाची पदवी मिळाली की मनुष्य अभियंता झाला. डॉक्टरला पदवीनंतर वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत नाव घालावे लागते. वकिलाला १९६१ च्या अधिवक्ता कायद्यानुसार सनद घ्यावी लागते. वास्तुशास्त्रज्ञांसाठी १९७२ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्यांची परिषदही आहे. अभियंत्यांसाठी मात्र असा देशव्यापी कायदा झालेला नाही. मसुदे तयार झाले, चर्चा झाल्या. पण इमारतीच्या आराखड्यांवर सही करण्यासाठी नगरपालिका देतात तेवढे परवाने सोडले, तर भारतीय अभियंत्याला आपले नाव कोणत्याही नोंदवहीत घालावे लागत नाही. १९२० साली स्थापन झालेली आणि १९३५ साली राजसनद मिळालेली ‘इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स’ ही मोठी व प्रतिष्ठित संस्था आहे. तिचे सभासदत्व मिळणे हा मान समजला जातो. परंतु तो ऐच्छिक मान आहे. सभासदत्व घेतले नाही म्हणून कोणाची नोकरी गेल्याचे ऐकिवात नाही.

परदेशी जाण्याच्या वेळीही भारत सरकार अभियंत्याला फारसे अडवीत नाही. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याचा रोख प्रामुख्याने अल्पशिक्षित कामगारांच्या संरक्षणावर आहे. गवंडी किंवा घरकामगार आखाताकडे निघाला, तर त्याचा करार तपासला जातो. पदवीधराला त्या तपासणीतून सूट असते. सुशिक्षित मनुष्य स्वतःचे हित जाणतो, असे त्यामागील गृहीतक आहे. परिणामी अभियंत्याची पदवी परदेशात कोणत्या कसोटीला लागणार आहे, हे विचारणारा एकही टप्पा त्याच्या प्रवासात येत नाही. तो मुंबईत किंवा कोचीत मुलाखत देतो, कागदपत्रांवर शिक्के मारून घेतो आणि विमानात बसतो.

हे शिक्के म्हणजे तरी काय, हे येथे सांगितले पाहिजे, कारण गैरसमजाची सुरुवात येथूनच होते. कुवेतला जाणाऱ्या पदवीधराची पदवी प्रथम राज्य सरकारच्या संबंधित विभागाकडे, नंतर परराष्ट्र मंत्रालयाकडे आणि शेवटी कुवेतच्या दूतावासाकडे जाते. प्रत्येक ठिकाणी मागच्या पानावर एक शिक्का व एक सही वाढते. शेवटी ते प्रमाणपत्र इतके भारदस्त दिसू लागते की, आता यावर कोणी शंका घेणार नाही, असे त्याच्या धन्याला वाटते. वस्तुतः परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का राज्य सरकारच्या सहीची साक्ष देतो, आणि दूतावासाचा शिक्का परराष्ट्र मंत्रालयाच्या सहीची. पदवी खरी आहे, एवढेच ही साखळी सांगू शकते. ज्या अभ्यासक्रमातून ती पदवी मिळाली तो कोणत्या दर्जाचा होता, याविषयी त्यात एक अक्षरही नसते.

कुवेतमध्ये १९३८ साली बुरगान येथे तेल सापडले आणि १९४६ पासून ते निर्यात होऊ लागले. १९६१ साली देश स्वतंत्र झाला आणि पुढच्याच वर्षी ‘कुवेत सोसायटी ऑफ इंजिनिअर्स’ ही तेथील अभियंत्यांची संघटना उभी राहिली. १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले, बांधकामांना ऊत आला आणि भारतीय अभियंते मोठ्या संख्येने तिकडे जाऊ लागले. केरळ, आंध्र, तमिळनाडू, कर्नाटक, महाराष्ट्र अशा सर्व राज्यांतून ते गेले. कित्येक वर्षे त्यांचा या सोसायटीशी येणारा संबंध बेताचाच होता. पदवीवर शिक्के असले आणि कंपनीने ‘मेकॅनिकल इंजिनिअर’ असा हुद्दा मागितला, की निवास परवान्यावर तो हुद्दा चढत असे. या परवान्याला तिकडे ‘इकामा’ म्हणतात. त्याचे ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावे लागते. कंपनीचा सरकारी कामे करणारा प्रतिनिधी, ज्याला ‘मंदूब’ म्हणतात, तो कचेऱ्यांमध्ये फेऱ्या घालून हे काम उरकीत असे. अभियंत्याला स्वतः जावेही लागत नसे.

मार्च २०१८ मध्ये कुवेतच्या मनुष्यबळ प्राधिकरणाने हा क्रम बदलला. ज्याच्या इकाम्यावर अभियंत्याचा हुद्दा आहे अशा परदेशी माणसाला यापुढे नूतनीकरणासाठी सोसायटीचे ना हरकत प्रमाणपत्र लागेल, असे जाहीर झाले. नव्याने येणाऱ्यांना आणि हुद्दा बदलून अभियंता होऊ पाहणाऱ्यांना तर ते लागणारच होते. बनावट पदव्यांची प्रकरणे उघडकीस येत होती, आणि परदेशी मनुष्यबळ नियंत्रणात ठेवण्याचे धोरणही होतेच. त्यातही लोकसंख्येत परदेशी लोकांचे बहुमत असलेल्या त्या छोट्या देशात, जगभरच्या असंख्य विद्यापीठांच्या पदव्या पारखणारी यंत्रणा सरकारी खात्याजवळ असणार तरी कशी? अभियंत्यांच्या संघटनेजवळ ते ज्ञान असेल, असे सरकारने मानले. एका व्यावसायिक सोसायटीचे कार्यालय अशा रीतीने परदेशी अभियंत्याच्या वास्तव्याचे दार बनले.

सोसायटीलाही सर्व महाविद्यालयांची पारख स्वतः करणे शक्य नव्हते. तिने प्रत्येक देशातील एका मानांकन संस्थेच्या यादीचा आधार घेतला. भारतासाठी ती संस्था होती ‘नॅशनल बोर्ड ऑफ ॲक्रेडिटेशन’. या मंडळाच्या यादीत असलेला अभ्यासक्रम ग्राह्य, नसलेला अग्राह्य, असा नियम ठरला. वरवर पाहता यात गैर काही नव्हते. भारताचेच मंडळ, भारतानेच केलेली यादी. परंतु ही यादी काय आहे आणि काय नाही, हे जाणल्याखेरीज पुढचा गोंधळ समजणार नाही.

तांत्रिक शिक्षणाच्या क्षेत्रात भारतात मान्यता आणि मानांकन या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेला १९८७ च्या कायद्याने वैधानिक अधिकार मिळाले. महाविद्यालय चालवायचे तर तिची मान्यता लागते. इमारत, शिक्षक, प्रयोगशाळा यांचे किमान निकष पुरे झाले की ती मिळते. तिच्या आधारे विद्यापीठ महाविद्यालयाला संलग्न करते आणि पदवी देते. ही पदवी भारतात सर्वत्र वैध असते. मानांकन ही त्यापुढची पायरी आहे. त्यासाठी परिषदेने १९९४ मध्ये हे मंडळ स्थापन केले आणि २०१० पासून ते स्वायत्त झाले. मंडळाकडे महाविद्यालयाने स्वतः अर्ज करायचा असतो. मंडळाचे तज्ज्ञ येतात, अध्यापन पाहतात, विद्यार्थ्यांची उत्तरपत्रे व प्रकल्प तपासतात आणि निर्णय देतात. तो निर्णय सबंध महाविद्यालयाला लागू होत नाही. यंत्र अभियांत्रिकीला मानांकन मिळाले आणि त्याच इमारतीतील विद्युत अभियांत्रिकीला मिळाले नाही, असे घडू शकते आणि घडतेही. शिवाय तो कायमचा नसतो. ठरावीक वर्षांसाठी, अलीकडच्या पद्धतीत बहुधा तीन किंवा सहा वर्षांसाठी असतो. मुदत संपली की पुन्हा अर्ज, पुन्हा तपासणी.

म्हणजे ‘अमुक महाविद्यालय मानांकित आहे’ या वाक्याला काटेकोर अर्थ नाही. कोणती शाखा, कोणत्या स्तरावर आणि कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, हे तिन्ही सांगितल्याशिवाय ते वाक्य पुरे होत नाही. अर्ज करणे ऐच्छिक असल्यामुळे अनेक चांगल्या संस्थांनी तो केलाच नव्हता. संसदेच्या कायद्याने स्थापन झालेल्या आणि प्रवेशासाठी लाखो विद्यार्थी जिथे झगडतात अशा तंत्रज्ञान संस्थांच्या अनेक शाखाही यादीत नव्हत्या. त्यांना मंडळाच्या शिफारसपत्राची गरज कधी वाटली नव्हती. २०१८ साली वृत्तपत्रांचे लक्ष सर्वाधिक वेधले गेले ते याच विसंगतीकडे. पण संख्येने पाहिले तर खरा फटका दुसऱ्याच लोकांना बसला, आणि त्यांच्याविषयी फारसे लिहिले गेले नाही. ते होते राज्याराज्यांतील संलग्न महाविद्यालयांचे, ऐंशी व नव्वदच्या दशकांतील पदवीधर. विनाअनुदानित महाविद्यालयांना महाराष्ट्रात १९८३ साली वाट मोकळी झाली. दक्षिणेकडील राज्यांतही त्या दशकात अशी महाविद्यालये भराभर निघाली. तेथून शिकून निघालेल्यांच्या पहिल्या तुकड्या आखातात गेल्या, तेव्हा मानांकन मंडळ जन्माला यायचे होते किंवा नुकतेच आलेले होते.

एक प्रातिनिधिक उदाहरण घेऊ. हा कोणी एक विशिष्ट मनुष्य नव्हे. पण याच्यासारख्या अनेकांच्या बाबतीत हा प्रसंग थोड्याफार फरकाने घडला. दक्षिणेतील एका राज्यात, जिल्ह्याच्या गावी असलेल्या खाजगी महाविद्यालयातून तो १९९६ मध्ये यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडला. सात वर्षे त्याने भारतातील एका खत कारखान्यात पंप व उष्णता विनिमयक यांच्या देखभालीचे काम केले. २००३ मध्ये तो कुवेतला, तेलक्षेत्रात काम करणाऱ्या एका ठेकेदार कंपनीत गेला. विहिरींतून येणारे तेल जेथे गोळा होते आणि त्यातील वायू व पाणी वेगळे केले जाते, अशा केंद्रांची देखभाल हे तिचे काम. पंधरा वर्षांत तो देखभाल विभागाचा प्रमुख झाला. त्याच्या हाताखाली चाळीस माणसे होती. इकाम्याची मुदत जून २०१८ मध्ये संपणार होती.

एप्रिलमध्ये मंदूबने सांगितले की अर्ज पुढे सरकत नाही. सोसायटीचे पत्र हवे. अभियंत्याने पदवी, सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, पारपत्र आणि इकाम्याची प्रत घेतली आणि तो सोसायटीत गेला. पदवीवर तिन्ही शिक्के होते. तेथील कारकुनाने ते पाहिले, पदवी खरी असल्याबद्दल शंका घेतली नाही, आणि महाविद्यालयाचे नाव यादीत शोधले. नाव सापडले. अभियंत्याला हायसे वाटले. पण कारकुनाचे बोट पुढच्या रकान्यावर थांबले. यंत्र अभियांत्रिकीला पहिले मानांकन २००३ मध्ये मिळाले होते, तेही तीन वर्षांसाठी. मधली काही वर्षे रिकामी होती. पुढे ते पुन्हा मिळाले. १९९६ चा पदवीधर यांपैकी कोणत्याही कालखंडात बसत नव्हता.

यानंतर त्याने जे जे केले ते साहजिक होते आणि निरुपयोगी ठरले. त्याने महाविद्यालयाच्या प्राचार्यांना दूरध्वनी केला. प्राचार्यांनी आमचे महाविद्यालय मानांकित आहे असे पत्र पाठवले. ते खरे होते, पण १९९६ विषयी त्यात काही नव्हते, आणि असूही शकत नव्हते. कारण मानांकन मागील तारखेपासून देता येत नाही. ज्या प्रयोगशाळा आज तपासायच्या त्या दोन तपांपूर्वी कशा होत्या, हे कोणता तज्ज्ञ सांगणार? त्याने विद्यापीठाला मिळालेल्या उच्च श्रेणीचे प्रमाणपत्र दाखवले. ती श्रेणी दुसऱ्या परिषदेची होती. ती परिषद सबंध विद्यापीठाचे किंवा महाविद्यालयाचे मूल्यांकन करते, एखाद्या शाखेचे नव्हे. ही गल्लत फार जणांकडून झाली. शेवटी त्याने इन्स्टिट्यूशनचे सभासदत्व आणि ‘चार्टर्ड इंजिनिअर’ हे प्रमाणपत्र पुढे केले. ते अनुभवाचा पुरावा म्हणून उत्तम होते. पण सोसायटीचा प्रश्न अनुभवाचा नव्हताच. बावीस वर्षांचे काम एका बाजूला आणि रिकामा रकाना दुसऱ्या बाजूला, अशी ती स्थिती होती.

कंपनीने त्याच्यापुढे दोन मार्ग ठेवले. एक, परत जाणे. दुसरा, इकाम्यावरील हुद्दा बदलून ‘पर्यवेक्षक’ किंवा ‘तंत्रज्ञ’ असा करून घेणे. त्यासाठी सोसायटीचे पत्र लागत नव्हते. मुलगा कुवेतमध्येच बारावीला होता. त्याने दुसरा मार्ग घेतला. त्या वर्षी असंख्य भारतीय अभियंत्यांनी हेच केले. पगार तोच राहील, काम तेच राहील, केवळ कागदावरचा एक शब्द बदलेल, असे त्यांना सांगण्यात आले होते. पहिले काही महिने ते खरेही वाटले.

कागदावरच्या शब्दाचे परिणाम हळूहळू दिसू लागतात. कुवेतमध्ये वाहन चालविण्याचा परवाना परदेशी माणसाला सरसकट मिळत नाही. तो हुद्दा, पगार व शिक्षण यांच्याशी जोडलेला असतो, आणि हुद्दा बदलला की त्याची फेरतपासणी होऊ शकते. कुटुंबाच्या व्हिसाच्या अटींनाही हुद्द्याचा संबंध येतो. तेलकंपन्यांच्या ठेक्यांत, या कामावर इतके पात्र अभियंते हवेत, अशी अट असते. ज्याच्या इकाम्यावर ‘पर्यवेक्षक’ लिहिले आहे, तो त्या संख्येत मोजला जाईलच असे नाही. मग कंपनीच्या दृष्टीने त्याचे मोलही उतरते. सर्वांत दूरगामी परिणाम मात्र अनुभवाच्या प्रमाणपत्रावर होतो, आणि तो समजण्यासाठी शेजारच्या देशांकडे पाहावे लागते.

सौदी अरेबियात २००२ साली ‘सौदी कौन्सिल ऑफ इंजिनिअर्स’ स्थापन झाली. २०१७ च्या कायद्याने तिच्या नोंदणीविना अभियंता म्हणून काम करणे दंडनीय ठरले. तेथेही इकामा आणि नोंदणी परस्परांशी बांधलेल्या आहेत, पण तपासणीचा भर निराळा आहे. सौदी पद्धतीत पदवीची व अनुभवाच्या दाखल्याची खातरजमा थेट मुळाशी केली जाते. म्हणजे नेमलेली पडताळणी संस्था विद्यापीठाला विचारते, ही पदवी तुम्ही दिली काय; आणि पूर्वीच्या मालकाला विचारते, हा मनुष्य तुमच्याकडे या हुद्द्यावर, या तारखांना होता काय. २०१८ मध्ये नव्याने भरती होणाऱ्या परदेशी अभियंत्यासाठी किमान पाच वर्षांच्या अनुभवाची अटही तेथे जाहीर झाली. अशा व्यवस्थेत अडचण येते ती उत्तर न देणाऱ्या कार्यालयामुळे. पहिली कंपनी बंद पडली असेल, विद्यापीठाच्या परीक्षा विभागाने पत्राला उत्तर दिले नसेल, दाखल्यावर ‘इंजिनिअर’ऐवजी दुसराच हुद्दा असेल, तर खरा अभियंताही अडकतो. आपल्या उदाहरणातील गृहस्थाने कुवेत सोडून सौदीत जायचे ठरवले, तर २०१८ नंतरची त्याची वर्षे कागदोपत्री पर्यवेक्षकाची ठरतात. ती अभियंत्याचा अनुभव म्हणून धरली जातील किंवा नाही, हे दाखल्याच्या शब्दांवर अवलंबून राहते.

कतारमध्ये २००५ च्या तिसाव्या कायद्याने अभियांत्रिकी व्यवसायांचे नियमन केले. अभियांत्रिकी कार्यालयांत काम करणाऱ्याला तेथे अधिकृत समितीकडून श्रेणी मिळवावी लागते आणि त्यासाठी त्याच्या शाखेची परीक्षा द्यावी लागते. वीस वर्षे केवळ कार्यस्थळावर काढलेल्या माणसाला पुन्हा ऊष्मागतिकी आणि तुळयांची गणिते सोडवायला बसणे जड जाते. तरीही या तीन देशांत कतारची पद्धत अभियंत्याला अधिक न्याय देते, असे म्हणावे लागते. परीक्षेत नापास झालेला पुन्हा अभ्यास करून बसू शकतो. १९९६ साल मात्र कोणालाही पुन्हा देता येत नाही.

वॉशिंग्टन करार नावाचा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, त्याचाही उल्लेख अनेक जण आशेने करतात. १९८९ साली सहा इंग्रजीभाषी देशांतील संस्थांनी परस्परांच्या अभियांत्रिकी पदव्या तुल्य मानण्यासाठी तो केला. भारताचे मानांकन मंडळ १३ जून २०१४ रोजी त्याचे पूर्ण सभासद झाले. या कराराने भारतीय पदवीची प्रतिष्ठा वाढली यात शंका नाही. पण त्याचा लाभ मंडळाच्या पहिल्या वर्गातील, म्हणजे विद्यापीठांच्या व स्वायत्त संस्थांच्या, मानांकित अभ्यासक्रमांपुरता आहे. विद्यापीठाचा अभ्यासक्रम जसाच्या तसा शिकविणारी संलग्न महाविद्यालये दुसऱ्या वर्गात मोडतात आणि कराराच्या बाहेर राहतात. तोही मागील तारखेने लागू होत नाही.

भारत सरकारने हा प्रश्न २०१८ मध्येच कुवेतपुढे मांडला. आमच्या देशात कायदेशीर रीतीने मिळालेली पदवी केवळ ऐच्छिक मानांकन नाही म्हणून नाकारू नये, असे भारताचे म्हणणे होते. २०२० मध्ये वकिलातीने कुवेतमधील भारतीय अभियंत्यांची नोंदणी हाती घेतली, म्हणजे किती जण कोणत्या कारणाने अडले आहेत याचा हिशेब हाती यावा. दोन्ही सरकारांत चर्चा होत राहिल्या. चर्चा वर्षानुवर्षे चालतात. इकाम्याची मुदत मात्र ठरल्या दिवशी संपते.

आज जो तरुण या देशांकडे जाऊ पाहतो, त्याने काय पाहावे हे या साऱ्यावरून ठरते. त्याने प्रथम मंडळाच्या प्रकाशित यादीत आपली शाखा शोधावी. महाविद्यालयाचे नाव आढळले एवढ्यावर थांबू नये. शाखेचे नाव पदवीवर जसे छापले आहे तसेच यादीत आहे काय, हे ताडून पाहावे. ‘यंत्र’ आणि ‘उत्पादन’ या शाखा शिकवणाऱ्याला सख्ख्या बहिणी वाटतात, पण खिडकीपलीकडच्या माणसाला त्या परक्या असतात. मग वर्षे जुळवावीत. अभ्यासक्रम नवा असेल तर पहिल्या तुकड्या बाहेर पडल्यावरच तो मानांकनास पात्र होतो. म्हणून नव्या महाविद्यालयाच्या पहिल्या विद्यार्थ्यांनी विशेष सावध असावे. तात्पुरत्या प्रमाणपत्रावर विसंबू नये, पदवीदानानंतरची मूळ पदवीच हाताशी ठेवावी. प्रत्येक नोकरी सोडताना हुद्दा, कामाचे स्वरूप आणि दोन्ही तारखा लिहिलेला दाखला त्याच वेळी घ्यावा; कंपनी बंद पडल्यावर तो मिळत नाही. आणि पदवीवरील नाव पारपत्रावरील नावाशी अक्षरशः जुळते काय, हेही पाहावे. दक्षिणेकडे नावापुढे केवळ आद्याक्षरे लावण्याची रीत आहे. पारपत्रावर ती विस्तारून लिहिली जातात. विवाहानंतर आडनाव बदललेल्या स्त्रियांची अडचणही हीच. अशा वेळी दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असे प्रतिज्ञापत्र करून, त्यावरही तेच शिक्के मारून घ्यावे लागतात, आणि हे काम परदेशातून करणे फार कष्टाचे होते.

उदाहरणातील अभियंत्याच्या बाबतीत यांपैकी बहुतेक सर्व कागद ठीक होते. नाव जुळत होते, दाखले होते, मूळ पदवी होती. उणे होते ते एक वर्ष. त्याच्या विभागात पुढे एक तरुण रुजू झाला. त्याच महाविद्यालयाचा, त्याच शाखेचा, पण मानांकनाच्या मुदतीत शिकून पदवी घेतलेला. त्याला सोसायटीचे पत्र मिळाले आणि त्याच्या इकाम्यावर ‘मुहंदिस’ हा शब्द चढला. तेव्हापासून विभागात एक पद्धत पडून गेली. दुरुस्तीचे आराखडे आणि तपासणीचे अहवाल जुना प्रमुख वाचतो, पेन्सिलीने खुणा करतो, चुकलेली मापे सुधारतो. तरुण ते स्वच्छ करून आणतो, आणि जेथे अभियंत्याची सही हवी तेथे तरुण सही करतो.